प्राचार्यांच्या निरोप समारंभात सेवेचा आढावा : ३६ वर्षे, ३४ की ३३?

म्हादयकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी शिकवते. हायस्कूल आणि हायर सेकंडरी एकत्र आहे. आमचे प्राचार्य ३० नोव्हेंबरला निवृत्त होतात. त्या दिवशी रविवार आला, म्हणून समारंभ शनिवारी २९ तारखेला ठेवला आहे. पाहुण्यांना सरांच्या सेवेचा आढावा सांगणारं भाषण माझ्याकडे आलं. वेळ सात मिनिटं. व्यासपीठावर आमदार, भागशिक्षणाधिकारी, सरपंच, संस्थेचे अध्यक्ष. समोर माजी विद्यार्थी, पालक, सरांच्या घरची माणसं.

हेडक्लार्कनी सेवापुस्तिकेवरून एक कागद काढून दिला. त्यावरून मी केलेली सुरुवात अशी :

"सरांचा जन्म दि. १ डिसेंबर १९६५ रोजी झाला. दि. १६ जून १९८९ रोजी ते साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. दि. २२ जुलै १९९१ रोजी त्यांच्या नेमणुकीस शिक्षण संचालनालयाची मान्यता मिळाली. सन २००० मध्ये त्यांची हायर सेकंडरीच्या ग्रेड वन शिक्षकपदी निवड झाली. दि. १ जून २०११ रोजी त्यांनी प्रभारी प्राचार्य म्हणून सूत्रे स्वीकारली व दि. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी ते नियमित प्राचार्य झाले..."

असं दोन पानं. वाचताना माझंच लक्ष उडतं, तर पाहुण्यांचं काय होणार!

दुसरा घोळ आकड्याचा. निमंत्रणपत्रिकेत "३६ वर्षांची प्रदीर्घ सेवा" असं छापून झालंय. हेडक्लार्क म्हणतात ३४. आणि पेन्शनच्या कागदावर ३३ दिसतं. भागशिक्षणाधिकारी समोर बसलेले असताना कुठला आकडा म्हणू?

---

वास्को_जुना

ताई, निरोपाच्या भाषणाची सुरुवात भावनेने करावी. नमुना देतो : "प्रिय सहकाऱ्यांनो, आज तुमचा निरोप घेताना माझे पाऊल जड झाले आहे. ज्या वास्तूने मला घडवले तिला सोडून जाताना..." हे माझ्या स्वतःच्या निवृत्तीला वापरलं होतं, लोकांनी डोळे पुसले.

---

म्हादयकाठ

काका, निरोप मी घेत नाहीये हो, सर घेतायत. माझी अजून पुष्कळ वर्षं बाकी आहेत. :)

---

डोंगुर्लीकर

३३ म्हणा. सरकारी नोकरीत पूर्ण सेवा म्हणजे ३३ वर्षं. पेन्शनचा कागद हिशेब तपासून झालेला असतो, त्यामुळे तोच आकडा अधिकृत. बाकी सगळं तोंडी.

आणि एक शंका. वाढदिवस १ डिसेंबरचा असेल तर निवृत्ती ३१ डिसेंबरला हवी ना? महिनाअखेरीस निवृत्त करतात. ३० नोव्हेंबर ही छपाईची चूक तर नाही?

---

दप्तरी_डिचोली

मी अनुदानित शाळेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. सेवापुस्तिका लिहिण्यातच केस पांढरे झाले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तारीख. ज्या महिन्यात साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, हे खरं. पण ज्याचा जन्म पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. १ डिसेंबरवाला माणूस ३० नोव्हेंबरलाच जाणार. पत्रिका बरोबर आहे.

आता ३३. ही सरांच्या सेवेची मोजणी नव्हेच, ती कमाल मर्यादा आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब सहामाहीवर चालतो आणि ६६ सहामाहींच्या, म्हणजे ३३ वर्षांच्या पुढची सेवा त्यात धरत नाहीत. माणसाने ३४ वर्षं केली की ३८, त्या रकान्यात ६६च येतात. तो कागद पैशांसाठी आहे, भाषणासाठी नाही.

राहिले ३४ आणि ३६. माझा अंदाज असा, की जून १९८९ ते जुलै १९९१ या काळात सर रजेच्या जागेवर, ज्याला आपण लीव्ह व्हेकन्सी म्हणतो, तसे असणार. रजेवरचा शिक्षक परत आला की नेमणूक संपते. सुट्टीत खंड पडतो आणि जूनमध्ये नवा आदेश येतो. म्हणून हेडक्लार्क तो काळ सलग सेवेत धरत नाहीत. सेवापुस्तिकेत १९९० च्या उन्हाळ्यात काय नोंद आहे ते पाहून सांगा.

---

म्हादयकाठ

दप्तरीकाका, पाहिलं. अगदी तसंच आहे. पहिला आदेश १६ जून १९८९ पासून एप्रिल १९९० अखेर, रजेच्या जागेवर. जून १९९० मध्ये दुसरा आदेश, तोही तसाच. मग २२ जुलै १९९१ पासून नियमित, संचालनालयाच्या मान्यतेसह. तिथून पुढे एकही खंड नाही.

---

दप्तरी_डिचोली

म्हणजे सलग सेवा ३४ वर्षं ४ महिने, वर काही दिवस. आणि पहिल्यांदा वर्गावर उभे राहिले ते ३६ वर्षांपूर्वी. दोन्ही खरं आहे, फक्त एकाच वाक्यात कोंबलं की खोटं होतं. "३६ वर्षे अखंड सेवा" म्हटलंत तर भागशिक्षणाधिकारी मनातल्या मनात वजाबाकी करतील. "१९८९ मध्ये पहिल्यांदा वर्गावर आले, १९९१ पासून सलग चौतीस वर्षे" म्हटलंत तर पत्रिकेतला ३६ सुद्धा आपोआप उलगडतो. कुणाला खोटं पाडावं लागत नाही.

प्राचार्यपदाचंही तसंच. सूत्रं २०११ मध्ये, नियमित नेमणूक २०१३ मध्ये. "साडेचौदा वर्षे शाळेची जबाबदारी सांभाळली" हे बरोबर. "साडेचौदा वर्षे प्राचार्य होते" हे नाही.

---

डोंगुर्लीकर

६६ सहामाहींचं माहीत नव्हतं. पण "प्रभारी" हा शब्द तरी व्यासपीठावरून नको. निरोपाच्या दिवशी माणसाला कमीपणा का आणायचा?

---

दप्तरी_डिचोली

मग शब्द न वापरता सांगा. "जबाबदारी सांभाळली" यात सगळं आलं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

---

सूत्रसंचालक_फोंडा

मी फोंडा-डिचोली भागात बरेच कार्यक्रम निवेदन करतो. एक विचारतो. तुमच्या कार्यक्रमात मानपत्रवाचन आहे का?

---

म्हादयकाठ

आहे. मराठीचे सर लिहितायत. माझ्या भाषणानंतर लगेच मानपत्र, मग शाल-श्रीफळ.

---

सूत्रसंचालक_फोंडा

मग तुमचं अर्धं संकट तिथेच आहे. मी पाहिलेल्या बहुतेक निरोप समारंभांत प्रास्ताविक, आढावा, मानपत्र आणि अध्यक्षीय भाषण अशी चार वेळा तीच नेमणुकीची तारीख ऐकू येते. पाचव्यांदा ती सत्कारमूर्ती स्वतः सांगतात.

मानपत्र सरांना उद्देशून असतं. "आपण या शाळेत आलात, आपण मुलांना घडवलेत" अशी त्याची भाषा. तिथे विशेषणं शोभतात, कारण ते सन्मानाचं पत्र आहे. तुमचं भाषण पाहुण्यांना उद्देशून आहे. त्यांच्याकडे बघून "सरांनी काय केलं" हे सांगायचं. सर बाजूला बसून ऐकतायत, पण तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही. एवढं सांभाळलंत तर "ऋषितुल्य", "ज्ञानमहर्षी", "हाडाचे शिक्षक" हे सगळं मानपत्राकडे जातं आणि तुमच्याकडे घटना उरतात.

पाहुण्यांना शाळेबद्दल जे ठाऊक नाही तेवढंच सांगा. आमदारांना ग्रेड वनशी काही देणंघेणं नाही. भागशिक्षणाधिकाऱ्यांना ते माहीतच आहे.

सात मिनिटांत माइकवरून सावकाश बोललं तर आठशे शब्दांच्या आसपास होतात. तुम्ही सहाशेच लिहा. मध्ये टाळ्या येतात, आमदार उशिरा येतात, सगळे उठून उभे राहतात. आणि तारखा चारच्या वर नकोत.

---

शिवोली_चं_पोर

माझ्या बाबांच्या निरोपाला एका वक्त्याने वेतनश्रेणीसकट सगळं वाचलं होतं. कोणत्या साली किती पगारवाढ ते सुद्धा. बाबा व्यासपीठावर डुलक्या घेत होते, व्हिडिओत सगळं आलंय.

विषय निघालाच आहे तर विचारतो. आई पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. तिच्या सेवापुस्तिकेत पहिली काही वर्षं माहेरचं नाव आहे, नंतर सासरचं. भाषणात कुठलं घ्यायचं?

---

दप्तरी_डिचोली

दोन्ही. जुन्या विद्यार्थ्यांना माहेरचंच नाव आठवत असतं. "तेव्हाच्या अमुक टीचर" असं एकदा म्हणायचं आणि पुढे चालू नाव. पण भाषण बाजूला ठेवा. पेन्शनच्या कागदांसाठी सेवापुस्तिकेत नावबदलाची नोंद साक्षांकित आहे का ते आत्ताच बघून घ्या. निवृत्तीच्या महिन्यात ते निस्तरायला गेलात तर धावपळ होते.

म्हादयकाठ, वेतनश्रेणीवरून आठवलं. सेवापुस्तिका हातात आली म्हणून त्यातलं सगळं बोलायचं नसतं. आजारपणाची रजा, मेमो, पगार, वारसांची नावं हे त्या पुस्तकात असतं आणि ते सरांचं खासगी आहे. तुमच्या कागदावर असं काही असेल तर आताच खोडून टाका, म्हणजे घाईत वाचलं जाणार नाही.

---

म्हादयकाठ

होतं एका ठिकाणी. खोडलं.

आता घटनांचं. माझ्याकडे तीन आहेत. सर नव्वदच्या दशकात दहावीच्या कच्च्या मुलांचे गणिताचे वर्ग घ्यायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा अकरावी-बारावीतून मुलं गळायला लागली, सर घरोघरी जाऊन त्यांना परत घेऊन आले. आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये दहावीची परीक्षा. शिवाय दहावीचे निकाल, आणि "हजारो विद्यार्थी घडवले" हे वाक्य अध्यक्षांना हवंच आहे.

---

पर्ये_९६बॅच

मी सरांचा विद्यार्थी! शाळेचं नाव लिहिलं नाहीत तरी ओळखलं. त्या कच्च्या मुलांत मी होतो. वर्ग रविवारी आमच्या गावच्या देवळाच्या मंडपात भरायचा, कारण रविवारी शाळेपर्यंत यायला कदंब बस मिळायची नाही. सर स्वतः यायचे. दहावीचं पुस्तक त्यांनी उघडलंच नाही, पाचवीच्या अपूर्णांकांपासून सुरुवात केली. आम्हाला लाज वाटली. सर म्हणाले, अपूर्णांक येत नाहीत म्हणून बीजगणित येत नाही, मध्ये कुठेतरी पूल तुटलाय तो आधी बांधू. खडूने मंडपाच्या फरशीवर गणितं. जाताना आम्ही फरशी धुवायची. मला गणितात पस्तीसच्या वर थोडे पडले, पण पडले. आज स्वतःचं वर्कशॉप आहे.

हे घाला. नाव नको.

---

म्हादयकाठ

दादा, देव बरें करूं. सेवापुस्तिकेत हे कुठे मिळणार होतं!

---

सूत्रसंचालक_फोंडा

हे सोनं आहे. फरशी धुवायची गोष्ट सोडू नका, तिथे सभागृह हसेल.

तीन घटना सारख्या लांबीने सांगू नका. एक नीट, दुसरी अर्धी, तिसरी एका वाक्यात. माझं मत, खाणींची मोठी करावी. ती प्राचार्य म्हणून आहे आणि त्या भागातल्या प्रत्येकाला तो काळ आठवतो.

---

दप्तरी_डिचोली

खाणींची घटना घ्या, पण जपून. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पिसुर्ले, होंडा भागात ट्रक दारात उभे राहिले. व्यासपीठावर आमदार, समोर ट्रकवाले. "कोणामुळे बंद झाल्या" या वाटेला जाऊच नका. खाणी बंद झाल्या, घरात पैसा येईना, मुलं कामाला लागली. एवढं पुरे. मुलांची नावं तर नकोतच, आता त्यांची स्वतःची पोरं शाळेत असतील.

आणि किती मुलं परत आली हा आकडा कुठून आणलात? आठवणीतून असेल तर त्या वर्षीचा हजेरीपट काढा. आठवणीत अशा गोष्टी दुप्पट होतात.

---

म्हादयकाठ

स्टाफरूममध्ये सगळे "वीस-पंचवीस" म्हणत होते. २०१२-१३ चे हजेरीपट काढले. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी अकरा मुलांच्या नावापुढे सलग गैरहजेरी आहे. सुट्टीनंतर त्यातली नऊ हजर. दोघं आलीच नाहीत.

---

दप्तरी_डिचोली

मग अकरा आणि नऊच सांगा. पंचवीसपेक्षा हे जास्त पटतं, कारण दोन आली नाहीत हेही तुम्ही सांगता.

---

डोंगुर्लीकर

निरोपाच्या दिवशी अपयश कशाला? नऊ परत आली एवढंच सांगा.

---

पर्ये_९६बॅच

मला वाटतं सरांना दोघांचंही सांगितलेलं आवडेल. ते अजून त्यातल्या एकाबद्दल विचारतात, कुठे भेटला का म्हणून.

---

म्हादयकाठ

यावर अजून ठरत नाहीये. मसुद्यात ठेवते, घरी वाचून बघते.

"हजारो विद्यार्थी"चं काय करू? अध्यक्षांनी कुठेतरी "पंचवीस हजार" म्हटलंय आणि तो आकडा आता फिरतोय.

---

दप्तरी_डिचोली

पंचवीस हजार कसे काढले असतील ते सांगतो. दर वर्षीचा पट सातशे धरला आणि ३६ ने गुणला. पण पाचवीला आलेलं मूल दहावीपर्यंत सहा वर्षं त्याच पटावर असतं. या गुणाकारात ते सहा वेळा मोजलं जातं.

बरोबर पद्धत सोपी आहे. जनरल रजिस्टर काढा. प्रत्येक नव्या प्रवेशाला त्यात पुढचा अनुक्रमांक पडतो. जून १९८९ मधला पहिला क्रमांक आणि यंदाचा शेवटचा क्रमांक बघा. वजाबाकी करून एक मिळवा. त्यात १९८९ च्या जूनमध्ये आधीपासून शाळेत असलेली मुलं मिळवा. झालं.

---

म्हादयकाठ

जून १९८९ मधला पहिला १८७३. यंदाचा शेवटचा ६०१२. म्हणजे ४१४० नवे प्रवेश. त्या वर्षी आधीच्या पटावर ३९६ मुलं होती. एकूण ४५३६. पंचवीस हजार कुठे आणि हे कुठे!

---

हळदोण्याची_सून

मीही शाळेत आहे म्हणून विचारते. हायर सेकंडरीचं रजिस्टर वेगळं असतं ना? त्यात बाहेरच्या शाळांतून अकरावीला आलेली मुलं राहिली. आणि ती मिळवायला गेलात तर तुमच्याच दहावीतून अकरावीला गेलेली दोनदा येतील.

---

दप्तरी_डिचोली

बाईंचा मुद्दा बरोबर. प्रत्येक अकरावीच्या मुलाची आधीची शाळा बघत बसलात तर महिना जाईल. "साडेचार हजारांहून अधिक" म्हणा. "अधिक"मध्ये बाहेरून आलेली मावतात. पण "घडवले" किंवा "शिकवले" म्हणू नका, सगळ्यांना सरांनी शिकवलेलं नाही. "सरांच्या काळात शाळेत आली" म्हणा.

---

हळदोण्याची_सून

निकालांचंही सांगते. टक्केवारी देऊ नका, बसले किती आणि पास किती ते द्या. आमच्याकडे एकदा "शंभर टक्के निकाल" जाहीर केला, मागून एक पालक म्हणाले, बसवलीच किती होती! नववीत रोखून ठेवली की दहावीचा निकाल फुगतो, हे आता पालकांना कळतं.

---

म्हादयकाठ

सरांनी सूत्रं घेतली त्या वर्षी दहावीला ७४ बसले, ६१ पास. यंदा ८८ पैकी ८६. बसणाऱ्यांची संख्या कमी झालेली नाही, त्यामुळे सांगायला हरकत नसावी. पण हे एकट्या सरांचं श्रेय म्हणणं मलाच पटत नाही, आम्ही सगळे वर्गात होतो की! शिवाय सरांना ते अजिबात आवडायचं नाही. निकाल गाळते. अध्यक्ष त्यांच्या भाषणात घेतीलच.

आता हा मसुदा. बघा बरं.

"व्यासपीठावरील मान्यवर, पालक आणि माजी विद्यार्थी मित्रहो.

१९८९ च्या जूनमध्ये आपल्या शाळेतले गणिताचे शिक्षक रजेवर गेले. त्यांच्या जागी काही महिन्यांपुरता तेवीस वर्षांचा एक तरुण आला. रजा संपली की त्याने जायचं, असा आदेश होता. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच आदेश आला. १९९१ च्या जुलैमध्ये मात्र त्यांची नियमित नेमणूक झाली, आणि तिथून आजपर्यंत सलग चौतीस वर्षे ते याच शाळेत आहेत. सरांच्या काळात साडेचार हजारांहून अधिक मुलं या शाळेत आली.

त्यांतली काही गणिताला घाबरायची. दहावीची परीक्षा जवळ आलेली आणि रविवारी शाळेपर्यंत बस नाही. सर त्यांच्या गावात गेले. देवळाच्या मंडपात वर्ग भरला. दहावीचं पुस्तक बंद ठेवून सरांनी पाचवीचे अपूर्णांक घेतले. फळा नव्हता, म्हणून खडूने फरशीवर गणितं सोडवली. वर्ग संपला की मुलांनी फरशी धुवायची, हा नियम. त्यांतले एक विद्यार्थी आज स्वतःचं वर्कशॉप चालवतात. त्यांनी मला सांगितलं, की फरशी धुताना आपलंच चुकलेलं गणित पुन्हा दिसायचं.

सन २००० पासून सर हायर सेकंडरीला शिकवू लागले. २०११ मध्ये शाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि दुसऱ्याच वर्षी खाणी थांबल्या. आपल्यापैकी अनेकांच्या दारात तेव्हा ट्रक उभे होते. त्या दिवाळीच्या आधी अकरावी-बारावीची अकरा मुलं शाळेत येईनाशी झाली. कुणी दुकानात लागला होता, कुणी पणजीला हॉटेलात. सुट्टीत सर वर्गशिक्षकांना घेऊन त्या अकराही घरी गेले. त्यांनी पालकांना उपदेश केला नाही. प्रत्येक घरी एकच विचारलं, शाळेत यायला महिन्याला किती खर्च येतो? कुणाचा बसचा प्रश्न होता, कुणाचा पुस्तकांचा, एकाला संध्याकाळचं काम सोडता येत नव्हतं. एकेकाची वेगळी सोय झाली. सुट्टीनंतर अकरापैकी नऊ मुलं परत वर्गात बसली. दोघं आली नाहीत. सर अजून त्यातल्या एकाची चौकशी करतात.

मे २०२० मध्ये देशभर टाळेबंदी असताना आपल्या बोर्डाने २१ मेपासून दहावीची परीक्षा घेतली, आणि सर आदल्या आठवड्यापासून बाकांमधलं अंतर स्वतः टेपने मोजत होते.

उद्या रविवारी सरांच्या सेवेचा शेवटचा दिवस आहे. शाळेला सुट्टी आहे, पण किल्ल्या त्यांच्याकडेच आहेत. मान्यवरांचे आभार मानून मी थांबते."

---

सूत्रसंचालक_फोंडा

छान उतरलंय. फरशीचं वाक्य म्हणून झालं की दोन सेकंद थांबा.

मध्येच आमदार आले तर वाक्य पूर्ण करून थांबा, स्वागत होऊ द्या आणि पुढच्या परिच्छेदापासून सुरू करा. "थोडक्यात पुन्हा सांगते" असं करू नका. खाणींच्या मधोमध आले तर मात्र अवघड आहे. शक्यतो तुमचं भाषण त्यांच्या आगमनानंतर ठेवायला सांगा.

---

दप्तरी_डिचोली

"एकेकाची वेगळी सोय झाली" इथे कुणी पैसे दिले ते लिहिलं नाहीत, चांगलं केलंत. सरांनी खिशातून दिले असतील तर त्यांना विचारल्याशिवाय बोलू नये.

"पणजीला हॉटेलात" हे एवढं नेमकं आहे की गावात ओळखतील. "कुणी हॉटेलात" पुरे.

---

डोंगुर्लीकर

मसुदा आवडला. तरी दोघं आली नाहीत हे वाक्य मला अजून टोचतं. आणि भाषण कोकणीतून का नाही? आमच्याकडे अलीकडे निरोप समारंभ कोकणीतच होतात.

---

म्हादयकाठ

पणजी काढलं, काका. दोघांचं वाक्य ठेवायचं की नाही ते उद्या सरांच्या मॅडमना विचारून ठरवते. सर व्यासपीठावर असतात, त्या पहिल्या रांगेत, त्यांना जास्त कळेल.

डोंगुर्लीकर, सूत्रसंचालन कोकणीत आहे, पर्येचे दादा मनोगत कोकणीतच बोलणार आहेत. माझं आणि मानपत्र मराठीत. आमच्याकडे असं मिसळूनच चालतं.

आणि दप्तरीकाका, नवी बातमी. मराठीच्या सरांनी आज मानपत्र दाखवलं. "छत्तीस वर्षांच्या अखंड ज्ञानयज्ञानंतर" असं सोनेरी अक्षरांत आहे. फ्रेम करून आलंय.

---

दप्तरी_डिचोली

फ्रेम झाली म्हणता, मग आता काही बोलू नका. वाचणाऱ्याला फक्त सांगा की "अखंड" जरा भरभर वाच.